चुळबुळ एडीएचडीची की भीतीची? डॉक्टर नक्की कशावरून ठरवतात?

केतकी_३ब

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते, पटावर ५२ मुलं आहेत. गेल्या वर्षी दोन मुलांच्या पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे जायला सुचवलं होतं. दोघांची तक्रार एकच: जागेवर बसत नाही, लक्ष नसतं, काम अर्धवट टाकतो. दवाखान्यातून आलेल्या फॉर्मवर मी दोघांसाठी जवळपास सारख्याच खुणा केल्या. एकाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार, निघाला. दुसऱ्याच्या बाबतीत 'ही चिंतेमुळे होणारी अस्वस्थता आहे' असं सांगून वेगळे उपचार सुरू झाले.

मला निदानाबद्दल शंका घ्यायची नाही, दोन्ही मुलं आता बरी सावरली आहेत. पण माझा फॉर्म सारखा असताना फरक कुठून काढला, ते समजून घ्यायचंय. वर्गात मी काय बघितलं आणि लिहून दिलं तर डॉक्टरांना खरा उपयोग होईल? या क्षेत्रातल्यांनी जरा सविस्तर लिहावं.

निशिगंध

केतकीताई, प्रश्न अगदी मुळाशी गेलाय. मी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ आहे, जमेल तसं सविस्तर लिहिते.

तुम्हाला आला तो बहुतेक व्हँडरबिल्ट फॉर्म असणार. त्यात पहिले नऊ प्रश्न अवधानाचे आणि पुढचे नऊ चंचलपणा व उतावीळपणाचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण. २ किंवा ३ दिले की ते लक्षण 'आहे' असं धरायचं. नवापैकी सहा लक्षणं भरली आणि अभ्यास किंवा वागणुकीच्या १ ते ५ गुणांच्या एखाद्या रकान्यात ४ किंवा ५, म्हणजे अडचण, आलं, तर एडीएचडीचा संशय धरून पुढे जायचं. फॉर्मचं काम इथंच संपतं. मूल 'वारंवार' चुळबुळ करतं एवढंच तो सांगतो, का करतं ते त्याला कळत नाही. 'लक्ष टिकत नाही' या ओळीवर घाबरलेल्या मुलालाही ३ मिळतात आणि ते खोटं नसतं. भीतीनं मन व्यापलं की फळ्याकडे लक्ष जाणार तरी कसं?

म्हणून आमचा मुख्य प्रश्न असतो: चुळबुळ कधी वाढते आणि कधी ओसरते?

एडीएचडीच्या मुलाची चुळबुळ वाढते ती कंटाळवाण्या, लांबलेल्या, लगेच काही फळ न देणाऱ्या कामात. पाढे दहा वेळा लिहा, पानभर शुद्धलेखन काढा, रांगेत थांबा. नवं, वेगवान किंवा समोरासमोर बसून काही चाललं असेल तर तेच मूल बरंच स्थिरावतं. चिंतेच्या मुलाचं साधारण उलटं. ओळखीच्या, सवयीच्या, कोणी पारखत नसलेल्या कामात ते शांत असतं, मग ते काम कितीही रटाळ असो. नवी जागा, नवे सर, तोंडी परीक्षा, फळ्यापाशी उभं राहणं, आई घ्यायला उशिरा येणं, असं काही आलं की त्याची चुळबुळ सुरू होते.

म्हणजे शुद्धलेखनाचा तास आणि मोठ्याने वाचायचा तास, या दोन तासांतला फरक मला नीट कळला, तर निम्मं काम होतं.

भीमथडी

एवढं कशाला हवं? साधी खूण सांगतो. पोरगं मोबाइलवर किंवा क्रिकेटमध्ये दोन-दोन तास रमत असेल, तर त्याला एडीएचडी नाही. लक्ष देता येतं, द्यायचं नसतं. खरं एडीएचडी असेल तर कशातच रमणार नाही.

निशिगंध

भीमथडीसाहेब, निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष उलटा निघालाय. एडीएचडीत लक्ष मुळात नसतंच असं नाही, ते हवं तिथे वळवणं आणि रस नसताना टिकवणं जमत नाही. मोबाइलवरचा खेळ दर काही सेकंदांना गुण देतो, आवाज करतो, चित्र बदलतो, म्हणजे लक्ष धरून ठेवायचं काम तो खेळच करतो. म्हणून 'मोबाइलवर तासन् तास बसतो' हे एडीएचडीच्या मुलांच्या घरी हमखास ऐकू येतं. त्यावरून एडीएचडी ठरतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

याच कारणानं माझ्या खोलीतलं शांत बसणंही मी पुरावा धरत नाही. नवी जागा, एकटं लक्ष, खेळणी, अनोळखी बाई. वीस मिनिटं एडीएचडीचं मूलही छान बसतं. उलट चिंतेचं मूल नेमकं माझ्यासमोरच सर्वात जास्त चुळबुळतं. दवाखान्यातल्या दर्शनावर निदान केलं तर दोन्हीकडे फसगत होते.

समुपदेशक_नाशिक

मी शाळा-समुपदेशक आहे. निशिगंध यांनी तासांचं सांगितलं, त्याला वहीची जोड देतो. पालकांना मी जून ते आजपर्यंतच्या गणिताच्या आणि मराठीच्या वह्या आणायला सांगतो. वही खूप बोलते.

एडीएचडीच्या बाजूची वही अशी: तारीख आणि पहिल्या दोन ओळी नीट, मग अक्षर सैल होत जातं. फळ्यावरून उतरवताना मधली एक ओळच गायब. ४३ वजा २७ या ठिकाणी उत्तर ७० लिहिलंय, कारण वजाबाकीचं चिन्ह पाहिलंच नाही, आणि त्याच्या खालची तशीच वजाबाकी मात्र अचूक. पाचवं उदाहरण सुटलंय, सहावं सोडवलंय. दोन पानं एकदम उलटल्यामुळे मधलं पान कोरं. खाडाखोड फार कमी, कारण मुलानं मागे वळून बघितलेलंच नसतं.

चिंतेच्या बाजूची वही: पहिलं उदाहरण तीन-चार वेळा खोडून लिहिलंय, कागद पातळ झालाय, एखाद्या ठिकाणी भोक पडलंय. जेवढं लिहिलंय तेवढं बहुतेक बरोबर. शेवटची पाच उदाहरणं कोरी, कारण वेळ पहिल्यातच गेला. समासात बारीक अक्षरात उत्तर लिहून बघितलेलं, मग पुसलेलं. शिक्षकाच्या रकान्यात दोघांनाही एकच शेरा: 'काम अपूर्ण.'

आता सावधगिरीची गोष्ट. एकच चूक एकाच जातीच्या शब्दात पुन्हापुन्हा होत असेल, सकाळी-संध्याकाळी, घरी-शाळेत सारखीच, तर या दोन्हीपेक्षा आधी वाचन-लेखनातली अक्षमता तपासावी. ते मूल चुळबुळतंही आणि घाबरतंही, पण मूळ तिसरंच असतं.

वऱ्हाडी

हे सगळं छान आहे, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन वर्ग एका शिक्षकाकडे असतात. दर तासाला कोण चुळबुळतं ते कधी लिहायचं? आणि आमच्या भागात शाळा जूनच्या अखेरीला उघडते. ऑगस्टात पालक फॉर्म घेऊन येतात, तेव्हा पोराला मी ओळखतो जेमतेम दीड महिना. त्या फॉर्मला काय किंमत?

निशिगंध

दोन्ही मुद्दे रास्त आहेत. दुसरा आधी घेते.

लक्षणं किमान सहा महिने असावीत आणि त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावीत, अशी निकषांची अट आहे. ऑगस्टातला फॉर्म दीड महिन्याच्या ओळखीवर भरलेला असेल तर एकटा पुरत नाही. मी पालकांना गेल्या वर्षीच्या वर्गशिक्षकांकडूनही फॉर्म भरून आणायला सांगते. एडीएचडी शाळा बदलली म्हणून सुरू होत नाही. दुसरीत, पहिलीत, बालवाडीत त्याच्या खुणा मिळतातच, भले तेव्हा कुणी 'खोडकर' म्हणून सोडून दिलं असेल. गेल्या वर्षीच्या बाई 'कोण, तो? अगदी समजूतदार' म्हणाल्या, तर मी थांबते आणि या वर्षी काय बदललं ते शोधते. मात्र शांत, स्वप्नाळू प्रकारच्या एडीएचडीत, विशेषतः मुलींमध्ये, आधीच्या शिक्षकांना काहीच जाणवलेलं नसतं. म्हणून 'त्रास देत होता का?' असं न विचारता 'सांगितलेलं काम एकटीनं पूर्ण करत होती का, वस्तू हरवत होत्या का?' असं विचारावं लागतं.

वयाचंही बघते. त्याच वर्गात डिसेंबरात जन्मलेलं मूल जानेवारीत जन्मलेल्यापेक्षा जवळपास वर्षानं लहान असू शकतं. वर्गातल्या लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, हे अनेक देशांत दिसलंय. तुलना वर्गाशी नको, वयाशी हवी.

नोंदीबद्दल: आमचे निरीक्षक करतात ते पूर्ण काम शिक्षकानं करायचं नाही. निरीक्षक दहा मिनिटं बसतो, दर १५ सेकंदांना मूल कामात आहे की नाही अशी खूण करतो, म्हणजे ४० खुणा होतात. मधूनमधून त्याच वर्गातल्या दुसऱ्या साध्या मुलाच्याही खुणा घेतो, कारण तास रटाळ असेल तर सगळाच वर्ग चुळबुळतो. तुम्ही एवढंच करा: दोन आठवडे, रोज तीन ठरलेले तास. एक पाहून लिहायचा, एक मोठ्याने वाचायचा किंवा तोंडी प्रश्नांचा, एक चित्रकला किंवा खेळाचा. तास संपला की वेळापत्रकाच्या कागदावर ० ते ३ मधला एक आकडा. दिवसाला तीन आकडे, शाळेच्या दहा दिवसांत तीस. सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस वेगळ्या रंगात लिहिलात तर फारच उत्तम.

ओवीची_आई

माझ्या मुलीचं थोडं लिहू का? नऊ वर्षांची आहे, चौथीत. शाळेचा फॉर्म एडीएचडीकडे झुकतो, आमचा घरचा फॉर्म जवळजवळ कोरा. एका दवाखान्यानं मेंदूचा आलेख आणि संगणकावरची अवधान चाचणी सांगितली, त्यातून 'पक्कं' कळेल म्हणाले. खर्च बराच आहे. करावं का?

निशिगंध

ओवीच्या आई, मुलीला न बघता तिच्याबद्दल बोलणार नाही, चाचण्यांबद्दल मात्र ठामपणे सांगते. एडीएचडी किंवा चिंता पक्की करणारी रक्ताची, स्कॅनची किंवा आलेखाची चाचणी नाही. मूल मध्येच पाच-दहा सेकंद शून्यात बघतं, हाक मारली, खांद्याला हात लावला तरी भानावर येत नाही आणि मग बोलणं तिथूनच पुढे सुरू करतं, असं असेल तर आलेख जरूर काढतात, पण तो फिट्सचा एक प्रकार शोधण्यासाठी. संगणकाच्या चाचणीत एडीएचडीचं मूल चुकतं, तसंच घाबरलेलं, झोप न झालेलं, कंटाळलेलंही चुकतं. आणि एडीएचडीची काही मुलं त्यात उत्तम गुण घेतात, कारण तो त्यांना खेळच वाटतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळायचं नाही.

त्या आधी करायच्या गोष्टी स्वस्त आहेत: कान आणि डोळे तपासणं, रक्तक्षय बघणं, रात्री घोरते का ते विचारणं. घशामागच्या ग्रंथी वाढून झोप मोडणारं मूल दिवसा हुबेहूब एडीएचडीसारखं वागतं. दम्यासाठी साल्ब्युटामॉलचं सिरप चालू असेल तर त्यानंही हात थरथरतात आणि मूल अस्वस्थ होतं. हे विचारायचं राहून जातं.

घर आणि शाळा यांचे फॉर्म जुळत नाहीत हा फार मोलाचा धागा आहे, तो धरून ठेवा. घरी कामाची मागणीच कमी असते किंवा आई शेजारी बसून एकेक ओळ करवून घेते, तेव्हा एडीएचडी घरी झाकलं जातं. शाळेतच भीतीचं कारण असेल तेव्हाही चित्र असंच दिसतं. तुम्ही जवळून उठून गेल्यावर दहा मिनिटांत गृहपाठाचं काय होतं, ते सलग चार दिवस लिहा आणि डॉक्टरांना दाखवा.

पारिजातक

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, एक मिनिट बसत नाही, जेवताना घरभर पळतो. त्याला चिंता असेल की एडीएचडी?

समुपदेशक_नाशिक

पारिजातक, हा धागा प्राथमिक शाळेतल्या मुलांबद्दल आहे. साडेतीन वर्षांचं मूल जेवताना पळतं, यावरून यातलं काहीच ठरत नाही. बोलणं, डोळ्यांत बघणं, हाकेला ओ देणं, इतर मुलांत खेळणं व्यवस्थित आहे ना, एवढं लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना विचारा. वेगळा धागा काढलात तर तिथे बोलू.

केतकी_३ब

निशिगंध मॅडम, एक पूर्ण उदाहरण देता का? आकडे हातात आल्यावर तुम्ही पायरीपायरीने काय करता?

निशिगंध

देते. हे एका मुलाचं नाही, नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून रचलेलं उदाहरण आहे.

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. दुसरीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत, जूनपासून तालुक्याच्या सेमी-इंग्रजी शाळेत. डिसेंबरात तक्रार: सतत बाकावरून उठतो, लघवीला जायचं म्हणतो, लक्ष नाही.

फॉर्म: शाळेकडून अवधानाची नवापैकी सात लक्षणं, चंचलपणाची चार. घरून तीन आणि दोन. नुसत्या शाळेच्या फॉर्मवर एडीएचडी, अवधानाचा प्रकार. पण त्याच फॉर्मच्या शेवटी चिंता आणि उदासीचे सात प्रश्न असतात: घाबरतो का, चुकेल म्हणून नवं करायला कचरतो का, स्वतःला कमी लेखतो का, चटकन लाजतो का, असे. तिथे शिक्षकांनी तीन आणि आईने चार ठिकाणी २ किंवा ३ दिलेत. तीन आले तरी थांबून बघायचं असतं. आणि इथे काही आलं नसतं तरी चिंता नाही असं म्हणता येत नाही, सात प्रश्न फार थोडे आहेत.

मग इतिहास. आईला 'कधीपासून?' असं विचारलं की 'पहिल्यापासूनच' असं उत्तर येतं, कारण काळजीत सगळं पहिल्यापासूनच वाटतं. म्हणून मी टप्पे पाडते: बालवाडीत गोष्ट संपेपर्यंत बसायचा का, पहिलीत दप्तर-पाणीबाटली हरवायची का, लग्नात-देवळात काय करायचा, दुसरीच्या प्रगतिपुस्तकावर काय शेरा आहे. इथे सगळं साधं निघालं. दुसरीच्या शिक्षकांचा फॉर्म एक आणि शून्य. त्रास सुरू झाला तो ऑगस्टमध्ये, इंग्रजीचा धडा एकेकाला उभं करून वाचायला लावल्यापासून. दिवाळीच्या सुट्टीत सगळं बंद. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी पोट दुखायला लागलं.

सुट्टीचा हा पुरावा मी फार वजनाचा मानते. एडीएचडी सुट्टीत सौम्य होतं, कारण मागणी कमी होते, पण जेवणाच्या पाटावर, पत्त्यांच्या डावात, मामाच्या गाडीत ते दिसतंच. आदल्या संध्याकाळी घड्याळ लावल्यासारखं परत येत नाही.

शिक्षकांचे दहा दिवसांचे आकडे: पाहून लिहिण्याच्या तासाला सरासरी १ च्या आसपास, इंग्रजी वाचनाच्या तासाला जवळजवळ रोज ३, खेळाच्या तासाला ०. खो-खोत आपली पाळी येईपर्यंत थांबतो, मध्ये घुसत नाही. हेही महत्त्वाचं. अवधान दोन्हींत ढळतं, पण प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडणं, रांग मोडणं, दुसऱ्याचा डाव खेळून टाकणं हा उतावीळपणा निव्वळ चिंतेत सहसा नसतो. चिंतेचं मूल गरजेपेक्षा जास्त थांबतं.

आता मुलाशी बोलणं, तेही आई-वडिलांना बाहेर बसवून. 'तुला भीती वाटते का?' या प्रश्नाला आठ वर्षांचा मुलगा 'नाही' म्हणणार. मी विचारते, 'बाई वाचायला सांगतात तेव्हा पोटात काय होतं? हातांना काय होतं? तुझा नंबर येण्याआधी मनात काय चाललेलं असतं?' हा शेवटचा प्रश्न सर्वात कामाचा. एडीएचडीचं मूल सांगतं, 'काही नाही, खिडकीत कावळा होता.' इथे उत्तर आलं, 'किती मुलं उरली ते मोजतो. मग माझी ओळ कुठली येईल ते शोधतो. मग लघवीला जातो.' म्हणजे लक्ष नाही असं नव्हतं. लक्ष पूर्ण होतं, पण आपला नंबर केव्हा येतो त्यावर.

याला मी चिंतेची ४१ प्रश्नांची स्केअर्ड प्रश्नावली दिली. आठ वर्षांपासून ती मुलाला स्वतः भरता येते, वाचायला अडलं तर मोठ्याने वाचून दाखवतात. एकूण २५ किंवा जास्त आले तर चिंतेचा आजार तपासायचा. मुलाचे २९ आले, आईने त्याच्याबद्दल भरलेले १९. हा फरक नेहमीचा आहे. बाहेरची धडपड शिक्षक आणि पालक नीट सांगतात, आतली धडधड मूलच सांगू शकतं. एडीएचडीच्या बाबतीत उलटं: मुलाला विचारलं तर 'मी छान बसतो' म्हणतं. कुठल्या प्रश्नाला कुणाचं उत्तर जास्त धरायचं, हे ठरवण्यात निदानाचा मोठा भाग आहे.

शेवटी वाचन तपासलं. मराठी उत्तम, इंग्रजी पहिलीच्या पातळीवर, कारण शिकवलंच गेलं नव्हतं. म्हणजे भीतीला खरा आधार होता. इंग्रजीची वेगळी तयारी आणि सोबत पायऱ्यापायऱ्यांनी सराव सुरू केला. आधी बाईंपुढे एकट्याने, पाठ असलेली एक ओळ. मग दोन मित्रांसमोर. मग जागेवर बसून वर्गासमोर. लघवीला जायची मुभा काढून घेतली नाही, पण नंबर येऊन गेल्यावरच, असं ठरवलं, कारण पळून जायला मिळालं की भीती पक्की होते. दहा आठवड्यांनी शाळेचा फॉर्म पुन्हा भरून घेतला, सातची दोन लक्षणं झाली. भीती उतरूनही सातची सहाच झाली असती, तर मी एडीएचडीचा विचार पुन्हा उघडला असता.

भीमथडी

समजलं. पण एवढे दहा आठवडे घालवण्यापेक्षा गोळीच देऊन बघितली तर? लागू पडली तर एडीएचडी, नाही तर चिंता.

निशिगंध

नाही चालत. मिथाइलफेनिडेटसारख्या गोळीनं एडीएचडी नसलेल्यांचंही लक्ष थोडं सुधारतं. १९७८ मध्ये अमेरिकेत काहीही त्रास नसलेल्या मुलग्यांना त्याच जातीच्या उत्तेजक औषधाचा एक डोस देऊन पाहिला होता. त्यांचीही हालचाल कमी झाली आणि चाचणीतलं लक्ष वाढलं. म्हणजे गोळी लागू पडली यावरून निदान सिद्ध होत नाही. आणि वरच्या मुलाला ती दिली असती, तर तो कदाचित शांत बसला असता, फॉर्म सुधारला असता, आणि इंग्रजी येत नाही ही गोष्ट आणखी वर्षभर कुणाला कळली नसती.

समुपदेशक_नाशिक

पूर्ण सहमत. पण मॅडम, उदाहरण तुम्ही सोपं घेतलंत. माझ्याकडे येणारी बरीच मुलं 'हे की ते' अशी नसतातच, दोन्ही असतं. अमेरिकेत एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या एमटीए अभ्यासात, ज्याचे निकाल १९९९ मध्ये आले, सात ते नऊ वर्षांच्या एडीएचडीच्या ५७९ मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना चिंतेचा आजारही होता. पहिलीपासून रोज बोलणी खाणारं मूल तिसरीत घाबरट झालं तर नवल काय? अशा मुलाची चुळबुळ दोन्ही तासांना ३ येते. मग तुमचा तासांचा तक्ता काय सांगणार?

निशिगंध

खरंय, तिथे तक्ता कमी पडतो. मग मी क्रम बघते, आधी काय आलं. बालवाडीपासून धांदरटपणा आणि उतावीळपणा, आणि दोन-तीन वर्षांनी शाळेचं नाव काढलं की पोटदुखी, असा क्रम असेल तर एडीएचडी मूळ आणि चिंता त्यावर चढलेली, असं धरते. आणि चुकांची जात बघते. भीती नसलेल्या कामातही, म्हणजे घरी, आवडत्या विषयात, चिन्ह सुटतंय, वस्तू हरवताहेत, तर ते चिंतेच्या खात्यात टाकता येत नाही. अशा वेळी दोन्ही निदानं लिहिते, एकाच नावात कोंबायचा हट्ट धरत नाही.

उपचारात, जास्त अडवणूक करणारं आधी. बहुतेकदा ते एडीएचडी निघतं, आणि औषधानं कामं पूर्ण व्हायला लागली की बोलणी थांबतात आणि चिंतेचा काही भाग आपसूक उतरतो. उत्तेजक औषधानं चिंता वाढेल ही भीती सरसकट खरी नाही. सरासरीने ती वाढत नाही, एखाद्या मुलात वाढते, म्हणून कमी डोसपासून सुरुवात करून बघायचं.

समुपदेशक_नाशिक

इथे माझं मत वेगळं आहे. त्याच एमटीए अभ्यासात असंही दिसलं की चिंताही असलेल्या मुलांना वर्तनोपचाराचा फायदा इतरांपेक्षा जास्त, जवळपास औषधाच्या बरोबरीनं झाला. मग अशा मुलात आधी तीन महिने पालकांचं प्रशिक्षण आणि वर्गातले बदल का करू नयेत? पालकही त्याला लवकर तयार होतात.

निशिगंध

करावेत, पण दोन अडचणी. एक, त्या अभ्यासात चिंता मुख्यतः पालकांच्या मुलाखतीवरून धरली होती, मुलाच्या सांगण्यावरून नाही, त्यामुळे ती नक्की कुठल्या प्रकारची चिंता होती यावर वाद आहे. दोन, तिथला वर्तनोपचार फार सखोल होता: पालकांचे वर्ग, शिक्षकांशी सल्लामसलत, उन्हाळी शिबिर, वर्गात मदतनीस. आपल्याकडे महिन्यातून एकदा अर्धा तास मिळतो. तेवढ्यावर तीच अपेक्षा ठेवून तीन महिने थांबणं मला जड जातं. मूल वर्गात रोज मार खात असेल तर तर नाहीच.

समुपदेशक_नाशिक

जिथे शाळा साथ देते तिथे मी थांबतो, जिथे देत नाही तिथे लवकर पाठवतो. यापलीकडे आपलं एकमत व्हायचं नाही असं दिसतंय.

वऱ्हाडी

आमच्या तालुक्यात बालमानसोपचारतज्ज्ञ नाही. हा सगळा कागद घेऊन पालकांनी जायचं कुठे?

निशिगंध

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवून घ्या. पथकाची वाट बघत बसायचं नसेल तर पालक थेटही जाऊ शकतात. मूल सहा ते नऊ वर्षांचं असेल तर तिथे 'इन्क्लेन' हे भारतीय मुलांसाठी बनवलेलं निदान-साधन वापरता येतं का, ते विचारा. व्हँडरबिल्टमधल्या काही ओळी आपल्या पालकांना परक्या वाटतात, तिथे ते जास्त सोयीचं पडतं. जवळ वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथला मानसोपचार विभाग.

सोबत न्यायचं: दोन वर्षांचे फॉर्म, दहा दिवसांचा तक्ता, जूनपासूनच्या दोन वह्या, चालू औषधांच्या बाटल्या.

केतकी_३ब

तक्ता उद्यापासून सुरू करते. एकच शंका उरलीय. ज्या मुलाची नोंद करतेय त्याला ती कळली आणि तो जपून वागायला लागला तर? एक मुलगी अशी आहे की मी वहीत काही लिहिलं की तिची नजर माझ्या पेनावरच असते.

निशिगंध

तास संपल्यावर, वर्ग सुटल्यावर लिहा, समोर नको. आणि त्या मुलीच्या कागदावर तुमचं हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहून द्या. बाईंच्या पेनावर नजर ठेवणारी मुलगी वर्गात काय शोधत असते, हे मी तिला पहिल्याच भेटीत विचारेन.